मागचे चार फूट

मामांनी खोलीचं दार उघडलं आणि आत पाऊल टाकायच्या आधीच सांगून टाकलं, "तीनशे बेड. डोळे झाकून."

धाकटीने डोळे उघडेच ठेवले. अळंब्यांच्या खोलीत शिरलं की तिची नजर आधी वर जायची, मग जमिनीकडे, आणि माणसांकडे सगळ्यात शेवटी. ती सवय तिला कामाने लागली होती. गावाबाहेरच्या मोठ्या अळंबी फार्मवर ती खोल्या भरून घ्यायचं काम करायची: कंपोस्ट आलं की कोणत्या रॅकवर किती, कोणता ट्रे आधी, कोणता मागून. तिची थोरली जाऊ तिथेच पॅकिंगला होती. दुसऱ्यासाठी राबून दोघींचे हात दुखायला लागले, तेव्हा आपली एक खोली असावी असं थोरलीच्या मनात आलं. तिच्या मनात आलेलं घरात सहसा होतंच. आणि योग असा की थोरलीच्या सख्ख्या मामांचीच खोली रिकामी होती. मामांचे गुडघे आता साथ देत नव्हते, निदान ते तसं सांगत होते.

खोली देखणी होती. वीस फूट रुंद, बारा फूट उंच, पांढरी स्वच्छ. लोखंडी रॅकच्या तीन रांगा दारापासून थेट मागच्या भिंतीकडे गेलेल्या. प्रत्येक रॅक खांबांसकट चार फूट रुंद. दोन्ही बाजूंनी हात घालून मधल्या अळंबीपर्यंत पोचता येतं ते एवढ्याच रुंदीत, हे करणाऱ्याला ठाऊक होतं. तीन रॅकचे बारा फूट गेले, उरलेल्या आठात दोन-दोन फुटांच्या चार वाटा: दोन भिंतींच्या कडेने, दोन मधून. पहिला मजला जमिनीपासून फूटभर वर, पुढचे दोन-दोन फुटांवर, असे पाच. सगळ्यात वरच्या ट्रेच्या डोक्यावर तीन फूट मोकळे, हवेच्या कापडी नळासाठी. चूक काढायला जागा नव्हती, आणि धाकटीला जरा बरं वाटलं.

मग तिने ट्रे मोजले; एक ट्रे म्हणजे एक बेड. ट्रेची लांबी रॅकच्या रुंदीत आडवी बसलेली, आणि रुंदी काठासकट बरोबर दोन फूट. ट्रेला ट्रे चिकटून लावलेले, त्यामुळे टेप न काढताही रॅकची लांबी समजत होती. एका मजल्यावर अठरा. तिने दुसऱ्या रांगेत मोजले. तिथेही अठराच.

अठरा, पाच मजले, तीन रॅक. दोनशे सत्तर.

"मामा, हे तर दोनशे सत्तर दिसतात," ती म्हणाली.

मामा हसले. त्यांचं हसणं लवकर यायचं आणि लवकर जायचं. "तीस धुवायला काढलेत, सूनबाई. अंगणात उभे आहेत, बघून घ्या. आमची थोरली म्हणालीच होती, तुमच्या घरात एक फूटपट्टी आहे म्हणून."

थोरलीला हसू आलं, म्हणून धाकटीही हसली. पण हात पिशवीतल्या टेपकडे गेलाच होता. थोरलीने ते पाहिलं आणि तिच्या कानाशी आली. "मोजायची काय गरज आहे? माझे मामा आहेत ते. पाहुण्यासारखं आलोय, आणि तू टेप काढून बसणार?"

टेप पिशवीतच राहिली.

अंगणात तीस ट्रे खरोखर होते. भिंतीला टेकवून ठेवलेले, ओले, उन्हात वाफाळणारे. धाकटीने ते मोजले तेव्हा मामी चहा घेऊन बाहेर आल्या आणि तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मामी बारीक अंगाच्या, बोलणं त्याहून बारीक. त्यांना कप हातात द्यायच्या आधी दोनदा तोंड फिरवून खोकावं लागलं.

"मामी, औषध घेताय ना?"

"आता बरं आहे गं. मागच्या बाजूला जाणं सोडलं तेव्हापासून बरं आहे."

"मागच्या बाजूला म्हणजे?"

तेवढ्यात मामांनी आतून साखर मागितली, आणि मामी साखर द्यायला गेल्या त्या परत आल्या नाहीत. मामा चहात साखर घेत नाहीत हे धाकटीला बसमध्ये बसल्यावर आठवलं. त्यांनीच तर मघाशी सांगितलं होतं.

घरी येईपर्यंत थोरली बोलत होती. मामांना शब्द द्यायचा, मग फार्मवर दोघींनी एकदमच काम सोडायचं, कारण एकीने सोडलं की मुकादम दुसरीला सुखाने राहू देणार नाही. आणि एकदा सोडलेल्या बाईला तो परत घेत नाही, हे दोघींनी डोळ्यांनी पाहिलं होतं. कंपोस्टवाल्याला तीनशे ट्रेचा आकडा सांगायचा होता. त्याचा माणूस दोनदा विचारून गेला होता. धाकटी हूं हूं करत होती आणि मनात तिचे तीस ट्रे काही केल्या जागेवर बसत नव्हते.

भाजी चिरतानाही ती त्यांना कुठेतरी बसवून बघत होती. धुवायला काढले म्हणजे ते कुठून तरी काढले. पण रॅकवर तर एकही जागा रिकामी नव्हती. अठरा ट्रे काठाला काठ लावून होते, एकोणिसाव्याला बोटभर फट नव्हती. बरं, मामा सहावा मजला लावत असतील का? सहावा मजला अकरा फुटांवर येणार, छताला एक फूट. हवेचा नळ काय मग ट्रेवर झोपवायचा? आणि समजा लावलाच, तरी तीन रॅक गुणिले अठरा, चौपन्न ट्रे झाले असते. तीस नव्हे. चौथी रांग? वीस फुटांत ती बसवायची तर माणसांनी चालायचं कुठून?

तीस हा आकडा एकाच तऱ्हेने येत होता. तीन रॅक, पाच मजले, आणि प्रत्येक मजल्यावर दोन ट्रे. दोन ट्रे म्हणजे चार फूट.

सुरी थांबली. रॅक पूर्वी चाळीस फुटांचे होते. आता छत्तीस फुटांचे आहेत.

मग रॅकच्या मागे चार फूट मोकळे दिसायला हवे होते. पण तिथे मागच्या भिंतीपर्यंत नेहमीसारखी दोन फुटांची वाट होती, एका माणसाला आडवं होऊन जाता येईल एवढी. रॅक चार फूट तोकडे झाले आणि मागची वाट मात्र होती तेवढीच राहिली, तर खोलीही चार फुटांनी आखूड झालेली असणार. खोल्या काही धुण्याने आटत नाहीत.

हे थोरलीला सांगावं म्हणून ती उठली. थोरली माजघरात फोनवर होती, आवाज खाली घेऊन. "नाही हो, तिला नाही काही सांगितलं," थोरली म्हणत होती. "माझ्यावर सोडा. मी बघते तिचं." आणि मग, धाकटीची चाहूल लागताच मोठ्याने, "बरं, मामींना सांगा औषध घ्यायला."

धाकटी पाणी प्यायला आल्यासारखी पाणी प्यायली आणि परत गेली.

त्यानंतर तिला सगळंच वेगळं दिसायला लागलं. थोरलीने एकदा बोलता बोलता म्हटलं होतं, मामांनी मागची भिंत नवी केली. दुसऱ्यांदा तेच सांगताना म्हणाली, रंग नवा दिला. भिंत आणि रंग यात फरक असतो. आणि मोजू नको असं म्हणणारीही तीच. थोरलीने आयुष्यात कधी खोटं बोललेलं धाकटीने पाहिलं नव्हतं. पण आता तिला वाटलं, खोटं चांगलं बोलणारा माणूस तसाच दिसणार ना. हा विचार आल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला, आणि तरी तो विचार काही गेला नाही. जेवताना थोरलीने तिच्या ताटात आग्रहाने जास्तीची भाजी वाढली. तिला त्या भाजीचाही संशय आला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. धाकटी म्हणाली, कंपोस्टवाल्याला आकडा सांगायच्या आधी मला एकदा खोली मोजायची आहे.

थोरलीने भुवया वर केल्या. "काल बघितली ना?"

"बघितली. मोजली नाही."

"मामांना काय वाटेल?"

"ताई, एका ट्रेला पासष्ट-सत्तर किलो कंपोस्ट जातं. तीस ट्रेचं दोन टन झालं. ते बियाणं घालूनच येतं, थांबत नाही. पिशव्यांत राहिलं तर आतल्या आत तापून मरतं. जागा नसली तर ते दोन टन मी काय डोक्यावर धरू?"

थोरलीने सरळ चपला घातल्या. ती चिडली आहे की घाबरली आहे हे धाकटीला कळलं नाही, आणि घाबरली असेल तर का, हेही नाही.

मामा घरी नव्हते. मामींनी किल्ली दिली, आणि देताना विचारलं काहीच नाही. आपण येणार हे मामींना कळवलेलं असणार, असं धाकटीला वाटलं. मग वाटलं, की त्या वाटच बघत असाव्यात.

टेपचं असं असतं की ती एकटीने धरता येत नाही. एक टोक कुणीतरी समोरच्या भिंतीला दाबून धरावं लागतं. धाकटीने टोक थोरलीच्या हातात दिलं आणि तिला मागच्या भिंतीकडे पाठवलं. आपण दाराच्या भिंतीशी उभी राहिली. रॅकच्या वाटेतून थोरली जाताना दिसत होती, आणि धाकटीचं लक्ष टेपवर नव्हतं, थोरलीच्या पाठीवर होतं. ही टोक भिंतीला नीट लावेल का? भिंतीच्या अलीकडेच धरेल का? की जास्तीची टेप मुठीत गोळा करून?

"लावलं," थोरली म्हणाली.

"घट्ट?"

"मग काय सैल लावू?"

बेचाळीस फूट. दारापाशी ट्रे वळवायला चार, रॅकचे छत्तीस, मागची वाट दोन. सगळं जागच्या जागी. धाकटीला क्षणभर वाटलं, आपलं डोकंच फिरलं आहे.

मग ती रॅकच्या मागच्या टोकाला गेली. खांबांची शेवटची जोडी इतरांसारखीच रंगवलेली होती, पण आडव्या पट्ट्यांची टोकं हाताला खरखरीत लागत होती. दाराकडच्या टोकाच्या पट्ट्या कारखान्यातून आल्यासारख्या गुळगुळीत, कोपरे मोडलेले. इकडच्या करवतीने कापून वर रंग मारलेल्या. आणि हवा बाहेर जायची झडप, जी अशा खोल्यांत मागच्या भिंतीत असते, ती तिथे नव्हतीच. ती बाजूच्या भिंतीत होती, सिमेंटचा नवा चौकोन भोवती घेऊन.

"आता बाहेरून," धाकटी म्हणाली.

बाहेरच्या बाजूला गवत गुडघाभर होतं. या वेळी थोरलीने स्वतःच टोक मागून घेतलं, आणि गवतातून मागच्या कोपऱ्यापर्यंत गेली. अठ्ठेचाळीस फूट. समोरची आणि मागची, दोन्ही भिंती विटांच्या, आतून थर्माकोल आणि गिलावा, एकेक फुटाच्या. अठ्ठेचाळीसमधून दोन गेले की आत सेहेचाळीस हवेत.

धाकटीने मान वर करून पाहिलं. थोरली तशीच कोपऱ्याशी उभी होती, टेप हातात, पण नजर टेपवर नव्हती. मागच्या भिंतीवर जुन्या झडपेला पत्रा मारून टाकला होता. पत्र्याच्या खाली, जमिनीपासून कमरेपर्यंत, भिंतीवर ओलीचा हिरवट काळा पट्टा चढला होता.

थोरली आत गेली. धाकटी मागोमाग. थोरली मागच्या पांढऱ्या भिंतीपाशी गेली आणि दारावर ठोठावावं तसं तिने बोटांनी ठोठावलं. आवाज पोकळ आला. तिने बाजूच्या भिंतीवर ठोठावलं. तिथे आवाजच आला नाही. तिने परत मागच्या भिंतीवर ठोठावलं, जणू आत कुणी आहे आणि ऐकू गेलं नाही.

मामा दारात उभे होते. ते केव्हा आले ते दोघींना कळलं नव्हतं.

"फूटपट्टीने काम केलं म्हणायचं," ते म्हणाले. या वेळी हसू आलंच नाही.

थोरली म्हणाली, "मामा, भिंतीच्या मागे काय आहे?"

"भिंत."

"मामा."

मामा ट्रेच्या कडेला हात टेकून उभे राहिले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मागच्या भिंतीत कुठून तरी पाणी मुरायचं. कुठून ते गवंड्यांनाही सापडलं नाही. आतला थर्माकोल भिजून स्पंज झाला. दर पिकाला हिरवी बुरशी उठायची, ती त्याच टोकाकडून, शेवटच्या दोन ट्रेतून, आणि मग पुढे पुढे. औषधाने धुतलं, पीक निघालं की खोलीला वाफ दिली. वरचं मरायचं, ओल्या भिंतीच्या पोटात वाफ पोचायची नाही, आणि पुढच्या पिकाला परत तेच. तिकडची तोडणी मामी करायच्या. त्यांचा खोकला तिथलाच. शेवटी मामांनी रॅक एका गाळ्याने, म्हणजे दोन खांबांमधल्या चार फुटांनी, कापले आणि ओल्या भिंतीसमोर पांढरं पोकळ पॅनेल उभं केलं.

"मग थांबली का बुरशी?" धाकटीने विचारलं.

"त्यानंतर पीकच घेतलं नाही."

"आणि आम्हाला तीनशे का सांगितलं?"

मामांनी ट्रेच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तोंडात बसलंय गं. इतकी वर्षं तीनशेच भरत आलो. दोनशे सत्तर म्हणायला जीभच वळत नाही."

हे खरं असावं असं धाकटीला वाटलं, आणि त्याचंच तिला आश्चर्य वाटलं. नीट ठरवून खोटं बोलले असते तर मामांनी दोनशे सत्तरच सांगितले असते, तीस ट्रे जाळून टाकले असते, आणि तिला कधीच काही कळलं नसतं. त्यांना ट्रे फेकवले नाहीत. धुवून उन्हात लावले, जागा नसलेले ट्रे.

"मामा, तुमचे गुडघे खरंच दुखतात का?" थोरलीने विचारलं.

"दुखतात."

"पण खोली त्यासाठी देत नाही आहात."

दाराबाहेर मामी उभ्या होत्या. त्यांनी आत पाऊल टाकलं नाही, पण मामांनी ते नाकारलं असतं तर आत यायची त्यांची तयारी दिसत होती. मामांनी नाकारलं नाही.

थोरली मामींकडे गेली, त्यांच्या हातात किल्ली दिली. "मामी, खोली आम्ही घेत नाही. आणि दुसऱ्या कुणाला देताना हे पॅनेल आधी काढा. नाही काढलंत तर जो येईल त्याला मी सांगेन. मामांचं नाव घेऊन सांगेन." तिचा आवाज चढला नव्हता. मामींनी मान हलवली, आणि मामींचं ते मान हलवणं मामांनी पाहिलं.

बस यायला वेळ होता. थांब्यावरच्या बाकावर दोघी बसल्या. थोरलीने टेप गुंडाळून धाकटीच्या मांडीवर ठेवली.

"तुला वाटलं मला माहीत होतं," थोरली म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

धाकटीने विचार केला, नाही म्हणावं. "हो," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तुम्ही फोनवर म्हणालात, तिला नाही काही सांगितलं."

थोरली म्हणाली, "मामा सांगत होते दुसरं एक गिऱ्हाईक आलंय म्हणून. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, देऊन टाका त्यालाच. तुला घाई केलेली आवडत नाही ना. म्हणून म्हटलं, मी बघते तिचं." तिने बसच्या रस्त्याकडे बघितलं. "दुसरं गिऱ्हाईकही नसेलच म्हणा. कधी म्हणाले भिंत नवी केली, कधी म्हणाले रंग दिला, मी ऐकलं तसं तुला सांगितलं."

"आणि मोजू नको का म्हणालात?"

"लाज वाटली. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून फिरलेय मी. त्यांच्यासमोर टेप काढायची म्हणजे..." तिने वाक्य सोडून दिलं. मग म्हणाली, "आत टोक धरलं होतं ना मी, तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस. भिंतीकडे नाही. ते मला कळलं होतं."

धाकटीने माफी मागावी तर ती मोजूनमापून मागितल्यासारखी वाटली असती. बस लांबवर दिसायला लागली. उद्या पहाटे दोघींना फार्मवर जायचं होतं, त्याच मुकादमाच्या हाताखाली, आणि खोली अजून कुठेच नव्हती.

थोरलीने फोन लावला. कंपोस्टवाल्याला आकडा सांगायचा होता. "बेड किती म्हणून विचारतोय," ती म्हणाली. "काय सांगू?"

"सांगा, खोली बघतोय अजून."

थोरलीने तसं सांगितलं. बस थांबली तेव्हा ती आधी चढली, आणि पायरीवरून वळून तिने हात पुढे केला. धाकटीने पिशवी सावरली, आणि हातात टेप होती म्हणून टेपचंच टोक थोरलीच्या हातात गेलं. थोरलीने ते धरलं, ओढलं, आणि टेप दोघींच्या मध्ये हातभर उलगडली.

"सोड," थोरली म्हणाली, "नाहीतर मागचे लोक म्हणतील या बस मोजायला आल्यात."